तक्रारीची पायरी



पत्रिकेवर विषय छापला आहे, 'गरजांची उतरंड'. मानसशास्त्राचं व्याख्यान ऐकायला म्हणून कुणी आलं असेल, तर त्यांची थोडी निराशा होईल. मी आज आपल्याला भिवंडीला नेणार आहे. मानकोली नाक्यावरून आत वळलं की काल्हेर, पूर्णा, राहनाळ अशी गावं लागतात. एके काळची ही शेतीची गावं. आता रस्त्याच्या दोन्ही अंगांना पत्र्याची गोदामं आहेत, एकाला लागून दुसरं. आपण रात्री अंथरुणात पडून मोबाइलवर बोट ठेवतो आणि दोन दिवसांत खोकं दारात येतं, ते बऱ्याचदा इथूनच निघालेलं असतं.

ते खोकं भरणारी माणसं दमलेली असतात. ती किती दमतात यावर मी तासभर बोलू शकेन, आपण हळहळाल आणि घरी जाल. त्यापेक्षा एकच प्रश्न घेऊ. दमलेल्या माणसांच्या अशा टोळीला तिच्या सुपरवायझरकडून नक्की काय हवं असतं? मालकाकडून नव्हे, सरकारकडून नव्हे. जो माणूस दिवसभर त्यांच्यासोबत त्याच पत्र्याखाली उभा असतो, त्याच्याकडून.

आता थोडं पुस्तकातलं. अब्राहम मॅस्लो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४३ साली एक निबंध लिहिला. माणसाच्या गरजा एकावर एक रचलेल्या असतात, असं त्याने मांडलं. आधी अन्न, पाणी, झोप. मग सुरक्षितता. मग आपली माणसं, आपुलकी. मग मान. आणि सगळ्यात वर, आपल्यात जे आहे ते पुरतं फुलवण्याची ओढ. व्यवस्थापनाच्या प्रत्येक पुस्तकात याचा त्रिकोण असतो. गंमत अशी, की त्या निबंधात त्रिकोणच नाही. तो नंतरच्या सल्लागारांनी काढला आणि मॅस्लोच्या गळ्यात बांधला. त्रिकोणामुळे वाटतं, की खालचा मजला पुरा बांधल्याशिवाय वर चढताच येत नाही. मॅस्लो तसं म्हणत नव्हता. त्याने नमुन्यादाखल काही आकडे दिले होते, मनाने धरलेले, आणि ते मनाने धरले आहेत हेही सांगून: सामान्य माणसाच्या शरीराच्या गरजा ८५ टक्के भागलेल्या असतील, सुरक्षिततेच्या ७०, आपुलकीच्या ५०, मानाच्या ४०, आणि सगळ्यात वरच्या १० टक्के. म्हणजे माणूस एकाच वेळी सगळ्या पायऱ्यांवर थोडाथोडा उभा असतो.

आणि ही उतरंड शास्त्र म्हणून तितकी पक्की नाही, हेही सांगून टाकतो. १९७६ साली वाहबा आणि ब्रिडवेल या दोघांनी तोवरचे अभ्यास तपासले, तेव्हा गरजा याच क्रमाने येतात याला फारसा पुरावा मिळाला नाही. मग ती आज कशाला घेऊन बसलो? कारण याच मॅस्लोने पुढे एक गोष्ट सांगितली, जी त्या त्रिकोणाच्या सावलीत झाकली गेली. १९६२ च्या उन्हाळ्यात तो कॅलिफोर्नियातल्या डेल मार इथे विद्युत मोजमापाची उपकरणं बनवणाऱ्या एका कारखान्यात जाऊन राहिला. रोज टिपणं काढायचा. त्या टिपणांचं १९६५ साली पुस्तक झालं. त्यात तो तक्रारींबद्दल लिहितो. त्याचं म्हणणं असं, की माणसं तक्रार करतात की नाही हे पाहू नका, तक्रार करणारच. तक्रार कुठल्या पायरीवरून येते आहे ते पाहा. शहरातल्या बागांमधल्या गुलाबांची निगा नीट राखली जात नाही अशी तक्रार घेऊन लोक येत असतील, तर त्या शहराचं बरं चाललं आहे असं समजा!

मला वाटतं, सुपरवायझरच्या कामाचं मॅस्लोकडे काही असेल तर ते एवढंच आहे. उतरंड ही माणसांना 'मोटिव्हेट' करायची शिडी नाही. कानावर पडलेली तक्रार कुठल्या पायरीवरची आहे, हे ओळखण्याचं ते साधन आहे.

आता एका गोदामाची हकीकत. नाव घेत नाही, आणि मागच्या रांगेत कुणी ओळखलं तर त्यांनीही घेऊ नये.

दिवाळीच्या आधीचा सेल. बाहेर ऑक्टोबरचं ऊन, वर पत्रा. आउटवर्ड विभागात चोवीस माणसं: माल काढणारे पिकर, खोकी बांधणारे पॅकर, डॉकवर गाडी भरणारे लोडर. पॅकिंगला बहुतेक बायका. शिफ्ट सकाळी आठ ते रात्री आठ. पिकरच्या हातात स्कॅनर. स्कॅनर सांगतो अमुक रॅक, अमुक बिन, अमुक नग. टार्गेट तासाला साठ ओळी, म्हणजे मिनिटाला एक. शेवटच्या ओळीनंतर हात किती वेळ थांबला तेही तोच नोंदवतो.

दुसऱ्या आठवड्यात चुका वाढल्या. आणि चुकासुद्धा एका विशिष्ट प्रकारच्या, हे लक्षात घ्या. चुकीची वस्तू उचलली तर स्कॅनर लाल दिवा दाखवतो, त्यामुळे ती चूक तिथेच पकडली जाते. पण दोन नग हवे असताना माणसाने एकदा स्कॅन केलं, पडद्यावर 'दोन' दाबलं आणि क्रेटमध्ये एकच टाकला, तर यंत्राला काय कळणार? ग्राहकाला कळतं. गोदामाच्या भाषेत याला 'शॉर्ट' म्हणतात. शॉर्ट वाढायला लागले, आणि तेही दुपारी तीननंतर. यंत्र जिथे पाठराखण करतं तिथे चूक दिसत नव्हती, जिथे माणसाच्या ध्यानावर भिस्त होती तिथे दिसत होती. आळस असता तर वेग पडला असता. वेग तर बरा होता. डोकं थकलं होतं.

वरून मॅनेजरचा निरोप आला: टीमला मोटिव्हेट करा. मग काय, फळा लागला. 'स्टार पिकर ऑफ द वीक'. फोटो आणि दोनशे रुपयांचं व्हाउचर. पहिल्या आठवड्यात ज्याचा फोटो लागला, तो पोरगा दुसऱ्या दिवशी सुपरवायझरला बाजूला घेऊन म्हणाला, "सर, माझा फोटो काढा तिथून."

का म्हणाला असेल? लाजला? नाही. त्याचा तासाचा आकडा चौऱ्याहत्तर होता. बाकीच्यांनी त्याला विचारलं होतं, आता पुढच्या महिन्यात टार्गेट चौऱ्याहत्तर झालं तर? बक्षीस दिलं मानाच्या पायरीवरचं, आणि धक्का लागला सुरक्षिततेच्या पायरीला. शिवाय आपल्या माणसांतून त्याला उठवून वेगळं बसवलं ते निराळंच.

हा सुपरवायझर स्वतः चार-पाच वर्षं पिकर होता. त्याने एक शहाणपणा केला. खिशात छोटी वही ठेवली आणि आठवडाभर कानावर येणारं कुरकुरणं जसंच्या तसं लिहून काढलं. 'पाणी लांब आहे' असं मोघम नाही, तर "सर, पाणी प्यायला गेलो तर पाच ओळी जातात" असं. त्या वहीतल्या काही ओळी ऐका. "ओव्हरटाइम आहे हे दुपारी का नाही सांगत?" "चूक इनवर्डची, आणि नाव माझ्या आयडीवर." "आमच्या बॅचला चहा नेहमी गार." "ताई रडत होती, कुणी विचारलं पण नाही." "गेटवर रोज वीस मिनिटं रांग, त्याचे पैसे कोण देणार?" आणि एक नुसतंच, "काय बोलायचं!"

शनिवारी त्याने प्रत्येक ओळीपुढे पायरी लिहिली. शरीर, सुरक्षितता, आपली माणसं, मान. आणि सगळ्यात खालच्या पायरीपासून हात घातला.

या पाण्यावर मी जरा थांबणार आहे. थंड पाण्याचा कूलर कँटीनपाशी. सगळ्यात लांबची रॅक तिथून दीडशे मीटरवर. जायचं, रांगेत थांबायचं, प्यायचं, परत यायचं, पाच मिनिटं. म्हणजे खरंच पाच ओळी. उन्हाच्या दिवसांत अंगमेहनतीचं काम करणाऱ्याने दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर, साधारण पाव लिटर पाणी प्यावं असं या विषयातले तज्ज्ञ सांगतात. तासातून तीनदा. तीनदा पाच मिनिटं म्हणजे तासातली पंधरा मिनिटं गेली. साठ ओळी पंचेचाळीस मिनिटांत होणार आहेत का? नाही. मग माणूस कमी पाणी पितो असं नाही, तो पाणी पिणंच सोडून देतो. त्याला प्रशिक्षण द्या, पोस्टर लावा, 'पाणी प्या, निरोगी राहा' म्हणा. तो ओळी मोजतो आहे.

सुपरवायझरने हिशोब मांडला. चोवीस माणसं, तासाला पाऊण लिटर, जेवण-चहा वगळून अकरा तास. सुमारे दोनशे लिटर. वीस लिटरचे दहा जार. किरकोळ खर्चातून भागण्याजोगी रक्कम. प्रत्येक दोन रॅकांच्या तोंडाशी एक जार, आणि पॅकिंगच्या टेबलांपाशी दोन.

तीन दिवसांनी त्याने जार पाहिले. पिकरांचे जार दुपारपर्यंत रिकामे होत होते. पॅकिंगचे दोन्ही जार जवळजवळ भरलेले. बायकांना तहान लागत नाही का? ऊन काय पुरुषांपुरतं असतं? त्याने तिथल्या वयाने मोठ्या असलेल्या एका ताईंना विचारलं. त्या आधी काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "दादा, पाणी पिऊन जायचं कुठं?"

बायकांचं स्वच्छतागृह गेटच्या पलीकडे होतं. आतली कडी तुटलेली. बल्ब गेलेला. जाताना गेटवर कार्ड दाखवायचं आणि येताना अंगझडती. दिवसातून दोनदा झडती देण्यापेक्षा तहानेलं राहिलेलं बरं, असा त्यांनी आपसांत न बोलता निकाल लावला होता. आता सांगा, ही तक्रार कुठल्या पायरीची? दिसायला शरीराची. मुळात सुरक्षिततेची आणि मानाची. जार ठेवून ती मिटली नसती, आणि वहीत तर ती आलीच नव्हती. ती भरलेल्या जारात दिसली. म्हणून मी सुपरवायझरांना नेहमी सांगतो, उपाय केलात की तो वापरला जातो का ते जाऊन बघा. न वापरलेली सोय म्हणजे न बोललेली तक्रार असते. कडी आणि बल्ब त्याच दिवशी बसले. झडतीसाठी सिक्युरिटीच्या साहेबांशी दोनदा वाद घालावा लागला, तेव्हा शिफ्टच्या मध्ये जाणाऱ्या बायकांना ती माफ झाली.

दुसरी ओळ ओव्हरटाइमची. ती पैशांची तक्रार नव्हती. पैसे तर त्यांना हवेच होते. ओव्हरटाइम आहे हे संध्याकाळी सात वाजता कळायचं, तोवर घरचा सगळा बेत ठरलेला. पण याच्या तळाशी झोप होती. त्या गोदामातला फोर्कलिफ्टवाला घ्या. चाळीत नळाला पाणी पहाटे येतं म्हणून तो साडेपाचला उठतो. आठला कामावर. ओव्हरटाइम अकरापर्यंत. साडेदहा वाजता त्याला जागून किती तास झाले? सतरा. ऑस्ट्रेलियात डॉसन आणि रीड यांनी १९९७ साली दाखवलं, की सलग सतरा तास जागलेल्या माणसाची हात-डोळ्यांची जुळणी रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतकी ढासळते. आपल्याकडे गाडी चालवण्याची कायदेशीर मर्यादा आहे ०.०३. रस्त्यावर ज्याचा परवाना जप्त झाला असता, त्याच्या हाती आपण रात्री साडेदहाला फोर्कलिफ्ट देतो, आणि वर रॅकवर माल चढवायला सांगतो.

सुपरवायझर ओव्हरटाइम बंद करू शकत होता का? नाही. सेल त्याने लावला नव्हता. त्याच्या हातात दोन गोष्टी होत्या. एक, दुपारच्या जेवणाआधी सांगायचं: आज कुणाला थांबावं लागणार आणि किती वाजेपर्यंत. अंदाज चुकला तरी सांगायचं. दोन, रात्री नऊनंतर उंचावरचं काम नाही. फोर्कलिफ्ट खालच्या दोन थरांपुरती. मॅनेजरला हे दुसरं पटायला वेळ लागला. 'जागरण' म्हटलं तेव्हा त्याने कानाआड केलं, 'दारू' म्हटल्यावर ऐकलं.

आता मान. त्रिकोणवाले म्हणतील, आधी पाणी, मग झोप, मान सावकाश. इथेच तो त्रिकोण दगा देतो. दमलेल्या माणसाला अपमान जास्त लागतो, कमी नाही. "चूक इनवर्डची, आणि नाव माझ्या आयडीवर", ही तक्रार काय होती? इनवर्डला खोक्यावर 'बारा नग' असं लेबल लागलं, आत दहाच निघाले. पिकरने पूर्ण खोकं उचललं. शॉर्ट त्याच्या नावावर. सकाळच्या ब्रीफिंगमध्ये सगळ्यांसमोर त्याचं नाव वाचलं गेलं. या एका गोष्टीला पैसा लागत नव्हता, परवानगी लागत नव्हती, सेल संपायची वाट बघावी लागत नव्हती. सुपरवायझरने नावं वाचणं बंद केलं. शॉर्ट आला की आधी इनवर्डची नोंद उघडायची, मग पिकरशी बोलायचं, तेही एकट्याशी. ज्यांच्या चुका खरंच त्यांच्याच होत्या, त्यांनाही हे बरं वाटलं. उलट काही जण आपणहून सांगायला लागले, "सर, त्या क्रेटमध्ये माझा एक राहिला, गाडी निघायच्या आधी बघा."

आपुलकीच्या पायरीवर मी फार वेळ घालवत नाही. तीन ठेकेदारांची माणसं होती, तीन रंगांची जाकिटं, तीन वेगवेगळ्या वेळांना चहा. मराठवाड्यातला पोरगा आणि बिहारमधला पोरगा एकाच रॅकवर काम करायचे आणि एकमेकांचं नाव माहीत नाही. चहाच्या वेळा रंगावर न लावता कामाच्या गल्लीवर लावल्या, एवढंच केलं. गार चहाचा प्रश्नही त्यात निघाला.

मात्र "काय बोलायचं!" या ओळीकडे परत येऊ. सगळ्यात घातक ओळ ती. वहीत कुणाची तक्रार नाही, म्हणजे तो समाधानी आहे का? ठेकेदाराने कालच आणलेला माणूस तक्रार करत नाही, कारण 'उद्यापासून येऊ नको' हे तीन शब्द त्याच्या डोक्यावर टांगलेले असतात. तक्रार करायलासुद्धा थोडी सुरक्षितता लागते. अशा माणसाची गरज बोलण्यातून कळत नाही, हजेरीपटातून कळते. पगार झाला की दुसऱ्या दिवसापासून गायब. शिफ्ट बदलली की पहिल्या दिवशी दांडी. लंगडत चालतो, पण विचारलं तर 'कुछ नहीं'. अशांच्या बाबतीत सुपरवायझरने तक्रारीची वाट बघू नये.

आणि एक मर्यादा स्पष्ट सांगतो, कारण नाहीतर सगळा भार त्या एका माणसावर टाकून आपण मोकळे होऊ. पगार, ठेकेदारी, बारा तासांची शिफ्ट, तासाला साठ ओळी, यांतलं काहीच सुपरवायझरच्या हातात नाही. गेटवरच्या वीस मिनिटांचे पैसे त्याने मागितले, मिळाले नाहीत. त्याने काय करावं? "बघू, वर बोलतो" असं म्हणून गुळमुळीत सोडून देऊ नये. हे माझ्या हातात नाही, मी अमुक तारखेला लेखी दिलं, उत्तर नाही आलं, असं सांगावं. माणसं नकार पचवतात. आशेला लावून झुलवत ठेवलेलं पचवत नाहीत. आणि हो, तोही साडेपाचला उठलेला असतो, त्याच्याही वर कुणीतरी 'मोटिव्हेट करा' म्हणणारं असतं. त्याची वही कोण लिहितं? मी पाहिलेल्या बहुतेक गोदामांत, कुणीच नाही.

दिवाळी झाली. शॉर्ट कमी झाले, पण किती पाण्यामुळे आणि किती सेल संपल्यामुळे, हे वेगळं काढता येत नाही. जो छातीठोकपणे आकडा सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका. कुरकुर मात्र थांबली नाही. मॅनेजर वैतागला. म्हणाला, एवढं केलं, पाणी दिलं, कडी बसवली, तरी यांचं रडगाणं चालूच! सुपरवायझरने त्याला वही दाखवली. सेलच्या आधीची पानं आणि आताची पानं. आताच्या पानांवर पाणी नव्हतं, कडी नव्हती, ओव्हरटाइम नव्हता. सगळ्यात वरची ओळ त्या चौऱ्याहत्तरवाल्या पोराची होती. "सर, सगळ्यात जास्त खपणारं तेल आणि डिटर्जंट सगळ्यात मागच्या रॅकला, खालच्या थरावर का ठेवलंय? दिवसातून शंभरदा वाकायचं. कमरेच्या उंचीला, डॉकजवळ ठेवा की. कुणी डोकं लावलंय का याला?"

ही त्याची तक्रार. पाण्याची नाही, भीतीची नाही, स्वतःच्या मानाचीही नाही. कामाची तक्रार. माल कसा मांडावा याची. डेल मारमध्ये मॅस्लोला जी वरच्या पायरीवरची कुरकुर म्हणायची होती, ती भिवंडीत डिटर्जंटच्या रॅकवरून आली.

मॅनेजरने वही मिटली आणि विचारलं, "हा पोरगा कुठल्या ठेकेदाराचा?" सुपरवायझरने ठेकेदाराचं नाव सांगितलं नाही, पोराचं सांगितलं. आणि मांडणी बदलायचा कागद पुढे केला. त्या कागदावर सही व्हायला तीन आठवडे गेले. तेल पुढे आलं, डिटर्जंट अजून मागेच आहे. त्याबद्दलची तक्रारही वहीत आहे.